'तू' म्हणजे बायकोच, हे कुठल्या ओळीत लिहिलंय?

सरळरेषा: प्रेमकवितेत इतकं खोदकाम कशाला? 'तू' म्हणजे कवीची बायको, फार तर प्रेयसी. एका जुन्या वहीतली ही कविता घ्या, कवी पुरुष आहे, विषय संपला:

दार तू लोटलेस, दिवा मी विझवला नाही.
येशील तेव्हा ये, उंबरा जागा आहे.
तुला ओळखू येतो माझ्या पावलांचा आवाज,
तुझ्या पावलांचा मात्र मी विसरलो.

अर्धविराम: चिडचिड झाली म्हणून लांबलचक लिहितोय. या ओळींत 'तू' बाई आहे हे मला एका क्रियापदात दाखवा. 'लोटलेस' दाराप्रमाणे चालतं, तिथे लोटणारा असो की लोटणारी, रूप तेच. 'येशील'ला लिंग नाही, 'ये'ला नाही, 'तुला'ला नाही. 'निघालीस' किंवा 'येतेस' असं एक जरी रूप आलं असतं तर गुपित फुटलं असतं. 'रे' नाही, 'गं' नाही. उलट स्वतःबद्दल बोलताना कवी बिनधास्त 'विसरलो' म्हणतो. म्हणजे झाकलंय ते फक्त समोरच्याला.

योगायोग असेलही. म्हणून त्याच वहीतल्या बाकीच्या कविता बघायच्या. तिथे 'गेलीस', 'हसलीस' सर्रास असेल, तर इथे हात आखडलेला आहे. नसेल, तर त्याची लिहायची सवयच तशी.

सरळरेषा: झालं! आता प्रत्येक कवीला काहीतरी लपवायचंच असतं!

पानगळ: कवीचं चरित्र वाचा, 'तू' सापडतेच. लग्न कधी झालं, कोण कधी गेलं, तारखा जुळवल्या की झालं.

अर्धविराम: तारखेवरून फार तर कोण शक्य नाही ते कळतं. आणि 'मी' तरी कवी कशावरून? ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत बोलते ती स्त्री, आणि 'तू' विठ्ठल. तोच विठ्ठल संतांची माउलीही होतो, म्हणजे स्त्रीलिंगी हाक मारली तरी समोर स्त्री असेलच असं नाही.

निशिगंधा: माझंच सांगते. घशाच्या आजारात माझा आवाज काही महिने गेला होता. परत आला तेव्हा मी कविता लिहिली, 'तू परत आलास, न विचारता'. आवाज पुल्लिंगी, मग 'आलास'च येणार ना! नवऱ्याने वही पाहिली आणि दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी विचारतो, 'कोण आहे तो?' सांगितलं, तरी विश्वास नाही. शेवटी गाऊन दाखवलं. आजही तो कवितेचं नाव काढत नाही.

अर्धविराम: हं. हे मान्य करावं लागेल. व्याकरणाने नामाचं लिंग कळतं, माणसाचं नाही.

पानगळ: मगाशी मोठा आव आणला होतात!

खडूफळा: खरा गुन्हेगार कवी नाही, संपादक! शेक्सपिअरची सुनीतं 1609 साली छापली गेली. 1640 मध्ये बेन्सनने ती पुन्हा छापताना काही ठिकाणी पुरुषाची स्त्री केली, 'गोड मुला' होतं तिथे 'गोड प्रिये'. मायकेलअँजेलोच्या कवितांचं तर त्याच्या नातलगानेच 1623 च्या आवृत्तीत हेच केलं. काव्हालिएरी या तरुणाला लिहिलेलं बाईला लिहिल्यासारखं झालं आणि 1863 पर्यंत लोक तेच वाचत बसले. आधी पाठ तपासा, मग 'तू' शोधा!

सरळरेषा: परदेशातलं सांगू नका.

खडूफळा: गायकांचं काय मग? बाई गाते म्हणून 'गं'चा 'रे' करतात, मूळ कवितेचा 'तू'च बदलून जातो. विचारलं तर म्हणे सोयीसाठी! छंद बिघडत नाही म्हणून कुणाचं लक्ष जात नाही, हेच वाईट.

निशिगंधा: मी गाते. बदलायचं नाही, तर पुरुषाचं गाणं बाईने म्हणायचंच नाही का?

खडूफळा: म्हणा, पण लिहिलं तसं म्हणा! विरहिणी पुरुष गातात, त्यांना कुठे लाज वाटते?

निशिगंधा: अहो, ऐकणाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या तुम्ही पाहिल्यात का कधी?

पानगळ: भांडण वेगळीकडेच चाललंय.

अर्धविराम: सरळरेषा, ती वही हाताशी आहे ना? आणखी दोन-तीन कविता टाका.

सरळरेषा: पाहिल्या. एकीत 'तू हसलीस' आहे. दुसरीत 'तू गेलीस'. घ्या, जिंकलात, पेढे वाटा.

अर्धविराम: दोनच? मग एवढ्यात नको. आणि चारही ओळींत पेनाने खाडाखोड आहे का ते पाहा.

सरळरेषा: 'लोटलेस'च्या जागी आधी काहीतरी होतं. शाईने गिरवून टाकलंय, पहिलं अक्षर 'न' वाटतं. उजेडात धरून पाहतो.