मदत हवी आहे: लिंक्डइनवर अनोळखी व्यक्तीला पहिला निरोप, काहीच न मागता

नकाशावेडी
मी नकाशे काढण्याचं काम करते. एका बाईंनी लिंक्डइनवर लिहिलं होतं की इंद्रधनुषी रंगपट्टा वापरला तर पिवळा भाग डोळ्याला सगळ्यात उजळ दिसतो आणि जिथे उतार सलग आहे तिथेही कड असल्याचा भास होतो. मी त्यांना ओळखत नाही, पण या विषयात माझा फार जीव आहे. कनेक्टच्या विनंतीसोबत जाणाऱ्या चिठ्ठीत त्यांना चार ओळी लिहायच्या आहेत. मागायचं काही नाही. कच्चा मजकूर असा:

"नमस्कार मॅडम, मी आपली मोठी चाहती आहे. आपलं काम अतिशय प्रेरणादायी आहे. मलाही नकाशांची आवड आहे. आपल्याकडून शिकायला आणि कधीतरी मार्गदर्शन घ्यायला आवडेल."

वाचताना काहीतरी खटकतंय. काय ते कळत नाही.

रोहिणी_५
बायोडेटा जोडलात का? जागा रिकामी आहे का ते आधीच विचारलेलं बरं. मी तसंच केलं होतं, निदान नकार तरी लवकर कळला.

नकाशावेडी
रोहिणी, नोकरीसाठी नाही लिहीत आहे गं.

दर्यावर्दी
खटकतंय ते शेवटचं वाक्य. 'मागायचं काही नाही' म्हणता आणि मार्गदर्शन मागता. 'कधीतरी' जोडल्याने मागणी कमी होत नाही, उलट समोरच्याला वाटतं की आज हो म्हटलं तर पुढे वेळ द्यावा लागणार. मलाही अशा विनंत्या येतात. 'शिकायला आवडेल' दिसलं की मी उत्तर उद्यावर टाकतो, आणि तो उद्या येत नाही.

दुसरं म्हणजे 'मलाही नकाशांची आवड आहे' हे कुणीही लिहील. त्यांचा लेख वाचून तुम्ही काही केलंत का?

नकाशावेडी
केलं ना! नदीच्या खोलीचा एक नकाशा होता. त्यात पात्राच्या मधोमध उथळ कड दिसायची. त्यांचं वाचून तोच विदा विरिडिस रंगपट्ट्यात काढला, ज्यात उजळपणा एकसारखा वाढत जातो, तर कड गायब. आकडे तपासले, खोली तिथे सावकाश बदलत होती.

दर्यावर्दी
मग हाच तुमचा निरोप. त्यांना त्यांच्या लेखाचा परिणाम कळेल, आणि तुमची आवड सांगावी लागणार नाही, ती दिसेल. शेवटी प्रश्नचिन्ह नको. प्रश्न आला की उत्तराचं ओझं आलं.

मंदार_लिहितो
प्रश्न नसेल तर उत्तर कशाला देतील? एक छोटा प्रश्न हवाच. आणि जागा भरपूर आहे, ३०० अक्षरं मिळतात.

दर्यावर्दी
मंदार, ३०० पैसे भरणाऱ्यांना. मोफत खात्यावर २००, आणि महिन्याला अशा चिठ्ठ्या मोजक्याच. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात, म्हणून आपल्या ओळी दिसतात त्यापेक्षा लवकर भरतात. प्रश्नाबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. प्रश्नाने उत्तरं जास्त येतीलही, पण इथे उत्तर मिळवणं हा हेतूच नाही.

आणखी एक. मोबाईलवर कनेक्ट दाबताना जपा, कधी कधी चिठ्ठी न विचारताच विनंती जाते. मागे घेतली तर त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. संगणकावरून पाठवा आणि चिठ्ठी जोडायचा पर्याय समोर आल्यावरच पुढे जा.

नकाशावेडी
हे बघा:

"नमस्कार. रंगपट्ट्यावरचं तुमचं लेखन वाचून मी नदीच्या खोलीचा नकाशा विरिडिसमध्ये पुन्हा काढला. पिवळ्या पट्ट्यामुळे दिसणारी उथळ कड प्रत्यक्षात नव्हतीच. हे कळवावंसं वाटलं."

दोनशेच्या आत बसलं. 'मॅडम' काढलं, 'आपलं'चं 'तुमचं' केलं. चाहती, प्रेरणादायी सगळं गेलं.

दर्यावर्दी
छान. विनंती स्वीकारली आणि काहीच लिहिलं नाही, तरी दुसरा निरोप पाठवू नका. त्यांनी पुढे काही लिहिलं आणि तुमच्याकडे खरंच सांगण्यासारखं असलं, तर त्याखाली लिहा.

सुमेधा
मला एक विचारायचंय. मी असाच निरोप एकाला पाठवला होता, मनापासून. सहा महिन्यांनी त्यांच्याच गटात जागा निघाली. आता विचारलं तर पहिला निरोप आमिष होता असं वाटेल, म्हणून गप्प बसले.

दर्यावर्दी
सहा महिन्यांनी विचारायला हरकत नव्हती असं मला वाटतं. आठवड्यात विचारलं असतंत तर मलाही तसंच वाटलं असतं.

मंदार_लिहितो
मला नाही पटत. पुढे कधीतरी गरज पडेल हे मनात असतंच. मग सुरुवातीलाच सांगावं.

नकाशावेडी
सुमेधा, तुझं वाचून मीही थांबले. त्यांच्यासोबत काम करायला मिळालं तर मला आवडेल, हे खरं आहे. पण त्या कधीच बोलल्या नाहीत तरी ती कड नव्हती हे त्यांना कळावं, असं मला वाटतंय. चिठ्ठी आत्ता संगणकावरून पाठवली.