उत्तर: झाकण मिटूनही लॅपटॉप चालूच राहतो

> स्क्रीन बदलून आणल्यापासून झाकण मिटलं तरी पंखा फिरतच राहतो. सेटिंगमध्ये Sleep आहे.

स्क्रीन बदलल्यावर सुरू झालं, म्हणजे आधी चुंबकावर संशय घ्या. स्क्रीनच्या चौकटीत एक बारीक चुंबक असतो. झाकण मिटलं की तो कीबोर्डच्या बाजूच्या हॉल सेन्सरसमोर येतो आणि त्यावरून झाकण बंद झाल्याचं मशीनला कळतं. चौकट बदलताना हा चुंबक जुन्या चौकटीतच राहून जातो किंवा गोंद सुटून सरकतो.

तपासायला झाकण उघडं ठेवा. फ्रिजला लावायचा साधा चुंबक कीबोर्डच्या कडांवरून आणि मनगट टेकवतो त्या भागावरून सावकाश फिरवा. काही झालं नाही तर तो उलटा करून पुन्हा फिरवा, कारण काही सेन्सर एकाच ध्रुवाला दाद देतात. जुनी हार्ड डिस्क असेल तर जोरदार चुंबक वापरू नका.

एखाद्या जागी स्क्रीन विझली तर सेन्सर ठणठणीत आहे. दुरुस्तीवाल्याला वरच्या चौकटीतला चुंबक बघायला सांगा, मदरबोर्डचा खर्च मान्य करू नका. कुठेच विझली नाही, तर `Choose what closing the lid does` मध्ये `On battery` आणि `Plugged in` हे दोन्ही रकाने बघा. बरेचदा एकच बदललेला असतो. दोन्हीकडे Sleep असेल तर मात्र सेन्सर किंवा त्याची केबल तपासून घ्या.

लॅपटॉप उघडूनही जागा होत नसेल, तर तो दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवलेला नाही ना, हेही बघा. खालच्याचा चुंबक वरच्याचा सेन्सर दाबून धरतो.