आर-स्क्वेअर ०.९९९९ आला, मग ± लिहायचं की नाही?

प्रयोगवही
पाण्यातलं लोह फेनँथ्रोलिनने रंग आणून ५१० नॅनोमीटरवर मोजते आहे, १ सेंमी क्युव्हेट. स्टँडर्ड ०, १, २, ३, ४, ५ मिग्रॅ/लि.; ॲबसॉर्बन्स अनुक्रमे ०.००४, ०.२०१, ०.४०४, ०.५९७, ०.८०३, ०.९९५. नमुन्याचे १० मिली ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेतले, वाचनं ०.११८, ०.१२२, ०.१२०. मूळ पाण्यात २.९२ मिग्रॅ/लि. लोह निघालं. वरिष्ठ म्हणतात, रेषा शून्यातून ओढ, आर-स्क्वेअर ०.९९९९ आहे, आकडा लिही आणि मोकळी हो. मार्गदर्शक म्हणतात, ९५ टक्के मर्यादा नसतील तर मी सही करणार नाही. तुमचं मत काय?

जुना_हात
मी तुमच्या वरिष्ठांच्या बाजूने. बियरचा नियम सरळ आहे: लोह नाही तर रंग नाही. मग रेषा शून्यातूनच जायला हवी. इंटरसेप्ट ठेवला की तो नुसता गोंगाट उत्तरात शिरतो. ± हवंच असेल तर तुमच्या तीन वाचनांवरूनच काढा. प्रमाण विचलन ०.००२ येतं, तीन वाचनांचा टी ४.३०३ धरला तर सरासरीवर ±०.००५, म्हणजे फ्लास्कमध्ये ±०.०२५ मिग्रॅ/लि. पाचपट केलं की ±०.१२. संपलं. रोज चाळीस नमुने काढणाऱ्या माणसाला याहून जास्त वेळ नसतो, आणि मला तो द्यावासाही वाटत नाही.

उभीरेघ
जुना_हात, वाचनांचा विखुरलेपणा तुम्ही धरला, पण ज्या रेषेवरून तुम्ही ॲबसॉर्बन्सचं लोह करता, ती रेषाही सहा डळमळत्या बिंदूंतूनच आली आहे. तिची अनिश्चितता कुठे गेली?

हे आकडे मी स्वतः बसवून पाहिले. स्लोप ०.१९८७, इंटरसेप्ट ०.००४०. बिंदू रेषेपासून सरासरी किती हलतात ते पाहिलं तर ०.००३३ ॲबसॉर्बन्स, म्हणजे स्लोपने भागल्यावर ०.०१६५ मिग्रॅ/लि. मला विचाराल तर आर-स्क्वेअरऐवजी हाच आकडा अहवालात असावा, कारण तो लोहाच्या भाषेत बोलतो. ०.९९९९ वाचून कुणालाही कळत नाही की उत्तर दुसऱ्या दशांशात हलतं की तिसऱ्या.

आता नमुन्याची मर्यादा. तिच्यात तीन वाटे आहेत: नमुन्याचं वाचन किती वेळा घेतलं, रेषा किती बिंदूंवर उभी आहे, आणि नमुना रेषेच्या मध्यापासून किती लांब पडला. तिसरा वाटा लोक विसरतात. रेषा मध्याशी घट्ट धरलेली असते आणि टोकांना हलते, आणि तुमचा ०.१२० अगदी खालच्या टोकाला आहे. वर्कशीटमध्ये स्टँडर्ड A2:A7 आणि ॲबसॉर्बन्स B2:B7 असतील तर ± असं येतं:

```
=T.INV.2T(0.05,4)*STEYX(B2:B7,A2:A7)/SLOPE(B2:B7,A2:A7)
 *SQRT(1/3+1/6+(0.12-AVERAGE(B2:B7))^2
 /(SLOPE(B2:B7,A2:A7)^2*DEVSQ(A2:A7)))
```

4 म्हणजे सहा बिंदूंतून स्लोप आणि इंटरसेप्टचे दोन वजा. 1/3 मधले तीन हे तुमचे वाचन. उत्तर ०.५८४ ± ०.०३९, पाचपट करून २.९२ ± ०.१९. जुना_हात यांच्या ±०.१२ च्या दीडपटीहून जास्त.

पण ते तीन वाचन तीन वेगळ्या फ्लास्कचे आहेत, की एकच क्युव्हेट तीनदा वाचलं? आणि यंत्र कशावर शून्य केलं होतं?

प्रयोगवही
एकच फ्लास्क, एकच क्युव्हेट, तीनदा बटण दाबलं. शून्य ऊर्ध्वपातित पाण्यावर केलं. अभिकर्मक घातलेला ब्लँक म्हणजे माझा शून्याचा स्टँडर्ड.

उभीरेघ
मग 1/3 च्या जागी 1 लिहा. तुमचे स्टँडर्ड प्रत्येकी वेगळ्या फ्लास्कमध्ये, वेगळ्या पिपेटिंगने झाले, त्यामुळे ०.००३३ मध्ये हाताने होणारा तो सगळा फरक येतो. क्युव्हेट तीनदा वाचण्यात फक्त यंत्राची थरथर दिसते, पिपेटची चूक तिन्ही वेळा तीच राहते. त्या तीन वाचनांना मी एकच नमुना मानीन. मर्यादा ±०.०५४ होते, पाचपट ±०.२७. म्हणजे २.९ ± ०.३. तुमच्या आकड्यातला तो शेवटचा २ लिहायचा अधिकार या मोजणीने दिलेला नाही.

तळाचा_फ्लास्क
माझ्याकडे याच विषयावर वेगळंच घडलं, म्हणून लिहितोय. आमची रेषा वर्षानुवर्षं ०.९९९ च्या वर होती. मग कमी लोहाचे नमुने आले आणि उत्तर ऋण यायला लागलं. रोज नवे अभिकर्मक केले, काही फरक नाही. शेवटी प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं अंतर काढून ओळीने लिहिलं: दोन्ही टोकांचे बिंदू रेषेखाली, मधले सगळे वर. रेषा नव्हतीच ती, वाकलेली कमान होती. वरचे स्टँडर्ड १.५ ॲबसॉर्बन्सच्या पुढे होते, तिथे यंत्रातला भटका प्रकाश वाचन दाबत होता. वरचे दोन स्टँडर्ड काढले, कमान गेली, ऋण उत्तरं गेली. तुमची चूक हीच असणार. आधी वरचे बिंदू काढा.

उभीरेघ
तळाचा_फ्लास्क, तुमचं निदान तुमच्या रेषेसाठी अचूक आहे, पण इथे ते लागू होत नाही. प्रयोगवहीच्या बिंदूंची अंतरं ओळीने अशी आहेत: ०.०००, −०.००१६, +०.००२७, −०.००३०, +०.००४३, −०.००२४. चिन्हं आलटून पालटून येतात, कमान दिसत नाही, आणि वरचा बिंदू ०.९९५ वरच आहे. वरचे बिंदू काढले तर उरलेल्या चार बिंदूंवर टी २.७७६ वरून ४.३०३ वर जाईल आणि मर्यादा फुगेल.

जुना_हात
तीन वाचनांचा मुद्दा मान्य करतो. मीही आजवर तेच करत आलो, आणि ते आता पटत नाही. पण शून्याबद्दल मी हटत नाही. इंटरसेप्ट ०.००४ आहे, त्याची स्वतःची ९५ टक्के मर्यादा मी काढली, ±०.००७ आली. शून्य त्यात बसतं. जी गोष्ट शून्यापासून वेगळी सिद्ध होत नाही तिला उत्तरात का ठेवायचं?

उभीरेघ
कारण सिद्ध न होणं आणि नसणं यांत फरक आहे. सहा बिंदूंत ०.००४ चा इंटरसेप्ट पकडण्याइतकी ताकदच नाही. आणि इथे तो असण्याचं कारण डोळ्यांसमोर आहे: यंत्र पाण्यावर शून्य केलं, तर ब्लँकमधल्या हायड्रॉक्सिलअमाइनमध्ये किंवा ॲसिडमध्ये थोडं लोह असलं तरी ते वाचनात येतं, आणि ते नमुन्याच्या फ्लास्कमध्येही तितकंच असतं. रेषा शून्यातून ओढलीत तर ते अभिकर्मकाचं लोह तुम्ही पाण्याच्या नावावर लिहिता.

किती फरक पडतो ते पाहा. शून्यातून ओढल्यावर स्लोप ०.१९९८ होतो. ०.८०० च्या वाचनाला दोन्ही रेषा ४.०१ आणि ४.०० देतात, कुणी भांडणार नाही. पण ०.१२० ला एक ०.५८४ देते, दुसरी ०.६०१. पाचपट करून २.९२ आणि ३.००. खालच्या टोकाला हा वाद खराखुरा आहे.

जुना_हात
मग ब्लँकवरच यंत्र शून्य करावं आणि प्रश्न मिटवावा.

उभीरेघ
तेव्हा पहिला बिंदू आपोआप ०.०००, आणि त्या एका ब्लँकच्या वाचनात जी चूक होती ती सगळ्या स्टँडर्डमध्ये आणि नमुन्यात सारखी उतरते, ती रेषेपासूनच्या अंतरांत दिसत नाही. तो शून्य बिंदू मोजलेला नसतो, म्हणून रेषेत मोजलेल्या बिंदूसारखा धरू नये. मी तीन ब्लँक स्वतंत्र करून तीन बिंदू म्हणून रेषेत घेतो. पण शून्यातून रेषा कधीच नको, असं मी म्हणणार नाही. अभिकर्मक शुद्ध असल्याचं वेगळं दाखवलं असेल तर तुमचं म्हणणं उभं राहतं.

प्रयोगवही, सूत्र सुधारण्यापेक्षा स्वस्त उपाय तुमच्या हातात आहे. १० ऐवजी २५ मिली नमुना घ्या. वाचन ०.२९ च्या आसपास येईल, नमुना रेषेच्या मध्याकडे सरकेल, आणि मुख्य म्हणजे पाचपटीच्या जागी दुप्पट करावं लागेल. मर्यादाही त्याच आकड्याने गुणली जाते. तीन वेगळे फ्लास्क करा.

प्रयोगवही
आज केलं. आधी ३ चा स्टँडर्ड परत वाचला, ०.५९९ आला, म्हणून तीच रेषा ठेवली. तीन फ्लास्क, प्रत्येकी २५ मिली: ०.२९९, ०.३०३, ०.२९८. सरासरी ०.३००. फ्लास्कमध्ये १.४९० ± ०.०३४, मूळ पाण्यात २.९८ ± ०.०७. शून्यातून ओढलेली रेषा ३.०० देते. म्हणजे आता दोन्ही बाजूंचं उत्तर माझ्या मर्यादेत बसतं.

आकडेमोडे
उशिरा येतोय. तुम्ही सगळे ०.००३३ हा एकच आकडा रेषेच्या सगळ्या लांबीला लावताय. पण अंतरं पाहा, खाली जवळजवळ शून्य आणि वर ०.००४. वाचन वाढलं की विखुरलेपणा वाढतो, असं वाटतं. तसं असेल तर खालच्या बिंदूंना जास्त वजन द्यायला हवं, आणि कमी लोहाची मर्यादा तुम्ही मोठी करून सांगताय.

उभीरेघ
शक्य आहे. सहा एकेकट्या बिंदूंवरून ते ठरवता येत नाही, ०.९९५ चं अंतर ०.८०३ हून कमीच आहे. प्रत्येक पातळीवर तीन-चार फ्लास्क असते तर मी तुमच्याशी नेटाने वाद घातला असता.

मला त्याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. सगळे स्टँडर्ड एकाच साठ्याच्या द्रावणातून केलेत ना? मोहरच्या क्षाराचे ०.७०२२ ग्रॅम लिटरभरात घेतले की १०० मिग्रॅ/लि. लोह होतं. वजनात एक टक्का चूक झाली तर सगळे बिंदू एक टक्का सरकतात, रेषा तितकीच सरळ राहते, आर-स्क्वेअर तोच, आणि तुमचं २.९८ गुपचूप ०.०३ ने हलतं. ±०.०७ मध्ये ते नाही. ढोबळ पडताळा एवढाच की तुमचा स्लोप मोलर शोषणात बदलला तर ११,१०० च्या जवळ येतो, आणि या संयुगासाठी तो आकडा बरोबर आहे. एका टक्क्याची चूक त्यातून पकडता येणार नाही. त्यासाठी वेगळ्या साठ्यातून केलेला एक तपासणी स्टँडर्ड लागेल.

जुना_हात
आणि एका स्टँडर्डवर कालची रेषा आज वापरली, त्यातल्या दिवसागणिक फरकाचं काय? तेही ±०.०७ मध्ये नाही.

प्रयोगवही
नाही. उद्या नवा साठा करून सहाही स्टँडर्ड परत लावते. अहवालात तोवर २.९८ ± ०.०७ लिहिते, आणि त्याखाली ही मर्यादा एकाच साठ्याची, एकाच दिवसाच्या रेषेची आणि तीन फ्लास्कची आहे, असं एक वाक्य.