मदत हवी आहे: शंकूच्या टाकीत उत्तर बरोबर तिप्पट का आलं?

नमस्कार भाऊ, ताई. मी चोपड्याची, प्रथम वर्षाला आहे. असाइनमेंटमधलं एक गणित दोन दिवस सुटत नाहीये.

टोक खाली असलेली शंकूची टाकी, उंची ४ मीटर, वरची त्रिज्या २ मीटर. मिनिटाला २ घनमीटर पाणी पडतंय. पाणी ३ मीटर खोल असताना पातळी किती वेगाने चढते?

आधी मी त्या क्षणाची त्रिज्या १.५ मीटर घनफळाच्या सूत्रात टाकून मगच विकलन केलं. उत्तर आलं 8/(3π), म्हणजे मिनिटाला सुमारे ०.८५ मीटर. मग समरूप त्रिकोणांवरून r = h/2 घेतलं:

```
V = πh³/12
dV/dt = (πh²/4)·dh/dt
2 = (9π/4)·dh/dt
dh/dt = 8/(9π) ≈ 0.28
```

पहिली चूक कळली. त्रिज्याही पाण्यासोबत वाढते, मी ती गोठवून टाकली होती. पण फरक नेमका तिप्पट का? h³ मधल्या ३ मुळे का? पायरीचं कारण लिहायचंय, म्हणून विचारते.

दुसरा भाग: १ मीटरपासून ३ मीटरपर्यंत चढायला किती वेळ? २ मीटरला ०.२८ ने भागलं तर ७ मिनिटं येतात, पण

```
t = ∫₁³ (πh²/8) dh = 13π/12 ≈ 3.4
```

मला वाटतं, खाली टाकी अरुंद असल्याने पातळी आधी भरभर चढते, म्हणून वेग स्थिर धरता येत नाही. हे कारण पुरेसं आहे का, की h च्या मर्यादा का घेतल्या तेही लिहावं लागेल?