रात्रपाळीत नुसते एकूण तास पुरत नाहीत

> 'रोज एकूण तास लिहितोच, मग प्रत्येक कामाची सुरुवात-शेवट वेळ कशाला?'

रात्रपाळीमुळे. समजा, सोमवारी रात्री १० वाजता मशीनवर काम सुरू झालं आणि मंगळवारी सकाळी ८:३० ला संपलं, मध्ये अर्धा तास सुट्टी. तारखेप्रमाणे तास लिहिले तर सोमवारी २ आणि मंगळवारी ८ दिसतात. दिवसाची मर्यादा ९ तास धरली, तर ओव्हरटाइम शून्य! पण १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून (कलम ५७) नियम असा की मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. म्हणजे सलग १० तास, त्यातला एक दुप्पट दराने. ताशी १०० रुपये असतील तर त्या तासाचे २०० मिळायला हवेत. कामगाराचा हा हक्काचा पैसा नुसत्या बेरजेत बुडतो.

म्हणून दोन्ही वेळा तारखेसकट हव्यात आणि सुट्टी वेगळी. नोंद कधी केली तेही प्रणालीने आपोआप टिपावं. महिनाभर सगळ्यांची पाळी बरोब्बर ८:३० लाच संपलेली दिसली, की ऑडिटर ओळखतो की रजिस्टर नंतर एकदम भरलंय. दुरुस्ती करायला हरकत नाही, पण जुनी वेळ खोडू नका. कोणी, केव्हा, का बदलली ते शेजारी राहू द्या.