'कमीत कमी' दिसलं की लसावि? साडेएकतीस मीटरची फरशी कुठून आणता?

टेकडीवरचे सर: शिष्यवृत्तीवाल्यांसाठी सोपं सूत्र. उदाहरणात 'जास्तीत जास्त', 'मोठ्यात मोठा' दिसलं की मसावि. 'कमीत कमी', 'लहानात लहान', 'पुन्हा एकत्र' दिसलं की लसावि. शब्द पाहा, क्रिया करा, पुढे चला.

फळा-खडू: सर, हे एकदा पोरांच्या डोक्यात बसलं की निघत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. समाजमंदिराची खोली 6 मीटर 30 सेंटिमीटर लांब आणि 4 मीटर 50 सेंटिमीटर रुंद आहे. एकसारख्या चौरस फरश्या न कापता बसवायच्या. कमीत कमी किती लागतील? 'कमीत कमी' दिसलं म्हणून तुमचं पोरगं 630 आणि 450 चा लसावि काढणार. येतो 3150. म्हणजे साडेएकतीस मीटरची फरशी, आणि खोली साडेचार मीटर रुंद!

फरश्या कमी लागायच्या तर एकेक फरशी मोठी पाहिजे, आणि ती 630 मध्येही पुरी बसली पाहिजे, 450 मध्येही. म्हणून मसावि, 90. लांबीला 7, रुंदीला 5, एकूण 35.

आता हेच काम उलटं करा. 30 बाय 45 च्या टाइल्स आहेत, सगळ्या एकाच दिशेनं लावून लहानात लहान चौरस करायचा. बाजू पुन्हा 90 येते, एका अंगाला 3 आणि दुसऱ्या अंगाला 2, अशा 6 टाइल्स. पण हा 90 लसावि आहे. दोन्हीकडे फरशी, दोन्हीकडे 90, क्रिया वेगळी. पहिल्यात दिलेलं माप तोडत खाली आलो, दुसऱ्यात दिलेलं माप जोडत वर गेलो. पोराला एवढंच विचारा: दिलेल्या मापाचे तुकडे पडतात, की दिलेलं माप पुन्हा पुन्हा ठेवलं जातं?

टेकडीवरचे सर: विचारायला वेळ कुठे आहे? पेपरात 75 प्रश्न, 90 मिनिटं. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही येत नाही. त्यात दिशा पाहत बसायची? तुमचं फरशीचं उदाहरण मुद्दाम वाकडं केलेलं आहे. साधी उदाहरणं दहापैकी आठ वेळा शब्दावर सुटतात.

फळा-खडू: मग उरलेली दोन कोणाची? पेपर काढणारा तुमचं सूत्र ओळखूनच शब्द फिरवतो. '12, 15 आणि 18 ने भाग जाणारी तीन अंकी मोठ्यात मोठी संख्या' घ्या. 'मोठ्यात मोठी' आहे, म्हणून मसावि 3? लसावि 180 काढायचा आणि त्याची 999 च्या आतली शेवटची पट घ्यायची, 900. हे काही वाकडं नाही, नेहमीचं आहे.

पऱ्हाटी: दोघंही उगाच लांबवता. उत्तराचा आकार पाहा. दिलेल्या आकड्यांपेक्षा लहान असायला हवं तर मसावि, मोठं असायला हवं तर लसावि. संपलं.

फळा-खडू: अर्धं बरोबर आहे. हा नियम मसावि-लसाविला लागतो, विचारलेल्या उत्तराला नाही. 84 आणि 60 मीटरचे दोन दोर आहेत, त्यांचे सारखे, जास्तीत जास्त लांबीचे तुकडे करायचे. तुकडा 12 मीटरचा. पण प्रश्नात कधी लांबी विचारतात, कधी तुकडे, कधी कापायला किती वेळा कोयता मारावा लागेल ते. तुकडे 7 आणि 5, म्हणजे 12. काप 6 आणि 4, म्हणजे 10. काप तुकड्यांपेक्षा प्रत्येक दोरामागे एकनं कमी असतात. तुमचं पोरगं आकार पाहून 12 ला खूण करून मोकळं होईल.

पऱ्हाटी: बरं बाप्पा, 'उत्तर' काढून 'तुकडा' म्हणा. आता तरी चालते ना?

मिस्त्री दर्यापूरवाला: राजेहो, मी काईचा मास्तर नाई, पण 90 ची फरशी कोणत्या दुकानात पाह्यली? आपल्याकडं 60 बाय 60 चालते. आन् सांधा? 2 मिलिमीटरचा सांधा धरला तं 7 फरश्यांत 6 सांधे, 12 मिलिमीटर होतात. शेवटची फरशी तेवढी कापाच लागते. वरून खोलीले गुनिया लावून पाहा, चारही कोपरे काटकोनात भेटले तं मले सांगा. तुमचे 35 वहीतच बसतात.

फळा-खडू: मिस्त्रीभाऊ, उदाहरणातच 'न कापता' म्हटलं आहे.

मिस्त्री दर्यापूरवाला: म्हणूनच तं म्हणून रायलो! सांधा सोडा, 60 ची घ्या. लांबीत साडेदहा, रुंदीत साडेसात. तुमची पोरं 11 गुणिले 8 करून 88 आणाले सांगतील. मी 79 आणतो. अख्ख्या बसतात 10 गुणिले 7, म्हणजे 70. एका भिंतीले 7 अर्ध्या, दुसरीले 10 अर्ध्या, अन् कोपऱ्यात एक पाव. 17 अर्ध्या साडेआठ फरश्यांत निघतात, अन् उरलेल्या अर्ध्यातून तो पाव. 70 आन् 9. हे कायले शिकवत नाही?

टेकडीवरचे सर: वा! फळा-खडू, घ्या आता. व्यवहारात तुमचा मसाविही बसत नाही.

फळा-खडू: का नाही बसत? न कापता बसणारी फरशी 90 चीच पाहिजे असं नाही, तिची बाजू 90 ला पुरी भागणारी पाहिजे. 60 भागत नाही, म्हणून मिस्त्रीला कापावी लागली. 30 भागते, ती लावली तर 21 गुणिले 15, म्हणजे 315, एकही न कापता. 45 ची मिळाली तर 14 गुणिले 10. हे मसावि काढल्याशिवाय कसं कळणार? 79 चा हिशोब मात्र बिनतोड आहे, मान्य.

मिस्त्री दर्यापूरवाला: 315 फरश्या बसवाची मजुरी अन् सांधे भराचं सिमेंट कोण देईन?

हिंगणघाटची आई: तुमचं फरशीपुराण थांबलं तर विचारते. मुलीच्या सराव पेपरात आहे: तीन घंटा 6, 8 आणि 12 मिनिटांनी वाजतात. सकाळी 8 वाजता एकत्र वाजल्या, तर 10 वाजेपर्यंत किती वेळा एकत्र वाजतील? तिनं 5 लिहिलं, उत्तरसूचीत 6. छपाईची चूक असेल ना? तिचा लसावि 24 बरोबर आहे.

टेकडीवरचे सर: ताई, 120 भागिले 24 म्हणजे 5, आणि 8 वाजताची पहिली धरून 6. सूची बरोबर आहे. 'पुन्हा किती वेळा' असतं तर 5. पाहा, शब्दच कामी आला!

फळा-खडू: हा शब्द मोजणीसाठी कामी आला, क्रिया निवडायला नाही. आणि घंटांमध्ये एक गोष्ट राहून जाते. लसावि तेव्हाच सरळ लागतो, जेव्हा सगळ्या एकदा एकत्र वाजलेल्या असतात. एक घंटा 8 वाजल्यापासून दर 20 मिनिटांनी आणि दुसरी 8:05 पासून दर 30 मिनिटांनी वाजत असेल, तर लसावि 60 काढून उपयोग नाही, त्या कधीच एकत्र वाजत नाहीत. 20 आणि 30 चा मसावि 10, आणि सुरुवातीतला फरक 5 हा 10 च्या पटीत नाही. दुसरी 8:10 ला सुरू केली की 8:40 ला जुळतात, मग दर 60 मिनिटांनी. म्हणजे घंटेच्या उदाहरणात भेट होणार की नाही हे मसावि ठरवतो.

टेकडीवरचे सर: या पेपरात हे येत नाही. उगाच घाबरवू नका.

पऱ्हाटी: कालपर्यंत 'शब्द पाहा' होतं, आता 'पेपरात येत नाही' झालं.

टेकडीवरचे सर: मी पोस्टमधून 'कमीत कमी' काढतो. 'पुन्हा एकत्र' राहणारच.

हिंगणघाटची आई: म्हणजे तिचे दोन मार्क गेलेच?

मिस्त्री दर्यापूरवाला: ताई, पोरीले घेऊन या, 79 चा हिशोब फुकट शिकवतो.