रोस्ट: नको ते विषय आधीच कळू द्या

>> ऑफिसच्या पार्टीत रोस्ट ठेवलाय. कोणी दुखावू नये म्हणून काय नियम ठेवावेत?

नको असलेले विषय प्रत्येकाने आदल्या दिवशी सूत्रसंचालकाला खासगीत कळवावेत. चारचौघांत विचारलंत तर "बिनधास्त बोला" हेच उत्तर येणार. मग सगळे विनोद त्याने आधी वाचावेत आणि नको ते कारण न सांगता गाळावेत. डब्यातल्या रोजच्या भेंडीवर खुशाल बोला. वजन, पगार, लग्न, मूलबाळ मात्र कोणी कळवलं नसलं तरी वर्ज्यच. साहेबांनी आधी स्वतःवरचं ऐकून घ्यावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोणी इतरांकडे बघून उशिरा हसलं, की समजा लागलंय. तेव्हा "वाईट वाटलं का?" असं सगळ्यांदेखत विचारू नका, लगेच पुढचं नाव पुकारा.